मिऱ्यांच्या पाण्यातले जीव

मिरी तिखट का लागते? डेल्फ्टचे कापडव्यापारी लेवेनहुक यांनी ते शोधायला १६७६ मध्ये मिरी पाण्यात भिजत घातली. काही आठवड्यांनी, पितळी पत्र्यांत बसवलेल्या आपल्या इवल्याशा भिंगातून पाहिले. तिखटपणाचे कारण सापडले नाहीच. थेंबात असंख्य जीव मात्र वळवळत होते. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र गेले, पण तिथे आधी कुणाला काही दिसेना. लेवेनहुकांनी धर्मोपदेशकांसह आठ जणांच्या साक्षी पाठवल्या; भिंगाची कृती मात्र सांगितली नाही. व्यापारीच ते! अखेर, १६६५ मध्ये बुचाच्या कापातल्या रिकाम्या कप्प्यांना ‘सेल’ म्हणणाऱ्या रॉबर्ट हूक यांनी अगदी बारीक काचनळीत मिऱ्यांचे पाणी भरले. नोव्हेंबर १६७७ मध्ये सभासदांनी ते जीव स्वतः पाहिले.