अणुभट्टी : तारापूर येथील रचना व नियंत्रण

विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलने बोईसरला उतरले की तारापूर अणुऊर्जा केंद्र जवळच, समुद्रकाठी आहे. पालघर जिल्ह्यातल्या या केंद्रात दोन जातींच्या भट्ट्या शेजारी शेजारी आहेत. 1969 साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या असून त्यांत साधे पाणी उकळते. 2005 व 2006 साली सुरू झालेल्या प्रत्येकी 540 मेगावॅटच्या भट्ट्या भारतीय बनावटीच्या आणि जड पाण्याच्या आहेत.

युरेनियम-235 चे केंद्रक फुटले की उष्णतेबरोबर सरासरी अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतला नेमका एक न्यूट्रॉन पुढचे केंद्रक फोडत राहिला, तर शक्ती स्थिर राहते. एकाहून जास्त कामी आले तर ती वाढते आणि कमी पडले तर विझू लागते. हे न्यूट्रॉन मात्र सेकंदाला सुमारे 20,000 किलोमीटर वेगाने निघतात, आणि इतक्या वेगात युरेनियम-235 त्यांना क्वचितच पकडते. हा वेग सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटरपर्यंत उतरवणारा पदार्थ म्हणजे मंदायक. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनशी अठरा-एकोणीस टकरा झाल्या की न्यूट्रॉन पुरेसा मंदावतो. जड पाण्यात त्याला जवळपास दुप्पट टकरा लागतात, पण वाटेत गिळले जाणारे न्यूट्रॉन फारच थोडे. म्हणून जड पाण्याच्या भट्टीला नैसर्गिक युरेनियम पुरते, तर जुन्या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम बाहेरून आणावे लागले.

जुन्या भट्टीत तेच पाणी मंदायकही असते आणि उष्णता वाहून नेणारे शीतकही. शक्ती वाढली की बुडबुडे वाढतात, पाणी विरळ होते, न्यूट्रॉन मंदावणे कमी पडते आणि शक्ती आपोआप उतरते. भट्टी स्वतःचा लगाम स्वतःच ओढते. बोरॉन कार्बाइड भरलेले, अधिक चिन्हाच्या आकाराचे नियंत्रण दांडे तिच्यात खालून वर सरकतात, कारण वरच्या भागात वाफ असते, तर दाट पाणी आणि न्यूट्रॉनांची गर्दी खाली. गुरुत्वाकर्षण इथे विरुद्ध बाजूने असल्यामुळे आणीबाणीत दांडे वर ढकलायला दाबाखाली साठवलेले पाणी तयार ठेवलेले असते.

नव्या भट्टीत ही दोन कामे वेगळी केलेली आहेत. कॅलँड्रिया या आडव्या पिंपात मंदायकाचे जड पाणी भरलेले असते, तेही तुलनेने थंड. त्यातून 392 नळ्या आरपार जातात. इंधनाच्या जुड्या या नळ्यांत असतात आणि शीतकाचे जड पाणी त्यांतूनच दाबाखाली फिरते. दैनंदिन नियंत्रणाचे बरेचसे काम दांड्यांऐवजी चौदा कप्प्यांतले साधे पाणी करते. ते चढवले की न्यूट्रॉन शोषले जातात. पाण्यात राहून पाण्यानेच लगाम घालण्याचा हा प्रकार चमत्कारिक वाटतो, पण या भट्टीत साधे पाणी शोषकच ठरते.

शीतकाची मोठी नळी फुटली असे समजा. नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, पण भोवतीचा मंदायक जागेवरच राहतो. न्यूट्रॉन मंदावतच राहतात आणि शक्ती उतरायच्या ऐवजी थोडी चढते. ही या रचनेची उणी बाजू. म्हणून तिला भट्टी बंद पाडणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा दिल्या आहेत. पहिलीत कॅडमियमचे 28 दांडे विद्युतचुंबकी पकडीवर टांगलेले असतात. वीज तुटली की पकड सुटते आणि ते पडतात. दुसरी हीलियमच्या दाबाने गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण थेट मंदायकात फवारते. प्रत्येक संकेत तीन मार्गिकांतून येतो. दोन मार्गिका एकमत झाल्या की कृती होते, त्यामुळे एकाच्या बिघाडाने भट्टी ना विनाकारण बंद पडते, ना बंद व्हायला हवी तेव्हा चालू राहते.

या सगळ्याला सवड मिळते ती उशिरा निघणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे. ते हजारात सहा-सातच असतात, पण काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत मागे रेंगाळतात. त्यांच्याविना शक्ती इतक्या झपाट्याने बदलली असती की कोणतेही यंत्र पुरे पडले नसते.

साखळी थांबली तरी उष्णता थांबत नाही. विखंडनातून उरलेली द्रव्ये क्षय पावत राहतात आणि बंद होताक्षणी पूर्ण उष्णताशक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता देतात. 540 मेगावॅट विजेच्या भट्टीत ती शंभर मेगावॅटच्या वर जाते. दिवसभराने ती सुमारे अर्धा टक्का उरते, तरी तेही आठ-नऊ मेगावॅट झाले. 2011 साली जपानच्या फुकुशिमात चालू भट्ट्या भूकंपाबरोबर बंद झाल्या होत्या. घात झाला तो त्सुनामीने वीज गेल्यावर, ही उरलेली उष्णता काढता न आल्याने. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत त्यासाठी आपत्कालीन संघनक आहे. वाफ वर चढून टाकीतल्या पाण्यात बुडालेल्या नळ्यांत जाते, थंड होऊन पाणी बनते आणि उताराने परत भट्टीत येते. पंप लागत नाही. टाकीतले पाणी मात्र काही तासांत उकळून जाते, आणि त्याआधी बाहेरून नवे पाणी भरावे लागते.