तळटीप : थरांच्या तक्त्यातील ‘डेटा एकक’ हा रकाना

वरील तक्त्यात प्रत्येक थराचे कार्य, डेटा एकक आणि उदाहरण असे तीन रकाने असले, तरी त्यांतील मधला रकाना वरून खाली सलग वाचल्याशिवाय एका थराचे एकक पुढच्या थराच्या एककात कसे सामावते हे ध्यानात येत नाही. समजा, ३००० बाइटांचा मजकूर टीसीपीने पाठवायचा आहे. इथरनेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइटांची असते आणि तीतही टीसीपी व आयपी (आवृत्ती ४) यांची शीर्षके, म्हणजे क्रमांक, पत्ता अशी नियंत्रक माहिती, प्रत्येकी किमान २० बाइट व्यापतात, म्हणून मजकुराचे १४६०, १४६० आणि ८० बाइटांचे तुकडे पडतात. पहिला तुकडा वाहतूक थरात १४८० बाइटांचा सेगमेंट, नेटवर्क थरात १५०० बाइटांचे पॅकेट आणि डेटा लिंक थरात, पुढे १४ बाइटांचे शीर्षक व मागे चूक ओळखण्यासाठीचे ४ बाइट जोडून, १५१८ बाइटांची फ्रेम होतो; भौतिक थराला मात्र त्यातले केवळ बिट दिसतात. वाहतूक थरापुढे ‘सेगमेंट’ एवढेच लिहिण्याची अनेक तक्त्यांतील रूढी सदोष आहे, कारण यूडीपीच्या एककाला डेटाग्रॅम म्हणतात. म्हणून येथे दोन्ही संज्ञा दिल्या आहेत.