ऑनलाइन मागवलेलं पुस्तक जुनं किंवा नकली निघालं तर बदलून कसं घ्यायचं?

नीटची तयारी करणारी पोरं अकरावीचं एनसीईआरटीचं जीवशास्त्र सर्रास ऑनलाइन मागवतात. पार्सल फोडलं की आधी अनुक्रमणिका बघावी. अभ्यासक्रम कमी केल्यानंतरच्या पुस्तकात १९ धडे आहेत. २२ निघाले, तर जुना माल गळ्यात मारला असं समजा.

मग पान उजेडाकडे धरावं. अस्सल पुस्तकाच्या कागदात एनसीईआरटीचा वॉटरमार्क दिसतो. तो नसेल आणि आकृत्याही झेरॉक्ससारख्या पुसट असतील, तर प्रत नकली असण्याचीच शक्यता जास्त.

ही तपासणी होईपर्यंत पुस्तकावर नाव घालू नये. नाव घातलेलं पुस्तक कुरिअरवाला परत न्यायला नकार देऊ शकतो.

अनुक्रमणिका, खराब पान, पार्सलवरचं लेबल यांचे फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवावा. जाहिरातीत नवी आवृत्ती लिहिली असेल तर दावा पक्का होतो. ॲपमध्ये ऑर्डर उघडून मुदतीत ‘Return’ दाबावं. नकली प्रतीला ‘Replacement’ मागू नये, तोच विक्रेता तसलीच प्रत पुन्हा पाठवतो. पैसे परत घेऊन दुसरीकडून मागवलेलं बरं.

विक्रेत्याने हात वर केले तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नकली, सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. तरी दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर ऑर्डर क्रमांक देऊन तक्रार नोंदवता येते.