रात्री झोपताना एक गोळी: ही सूचना आली कुठून?

कोलेस्टेरॉलची गोळी घेणारं कुणी ना कुणी तुमच्या घरात असेलच. गोळी अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन असो, रोझुव्हास्टॅटिन असो की सिम्व्हास्टॅटिन, चिठ्ठीवर बहुधा एकच लिहिलेलं असतं: रात्री झोपताना. यातल्या एका गोळीसाठी ही सूचना अगदी नेमकी आहे. उरलेल्या दोघींना ती, खरं सांगायचं तर, वारशानं मिळाली आहे.

१९७१ मध्ये टोकियोतल्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी बुरश्या तपासायला सुरुवात केली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम एका मोक्याच्या जागी बसलेलं असतं. ते अडवणारा पदार्थ एखादी बुरशी बनवत असेल, असा त्यांचा अंदाज होता. सुमारे सहा हजार नमुन्यांनंतर पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत तो सापडला. त्याचं नाव कॉम्पॅक्टिन.

पण उंदरांना तो दिला, तर त्यांचं कोलेस्टेरॉल काही उतरेना! कारण पुढे कळलं. एन्झाइम अडवलं गेलं की यकृत गप्प बसत नाही, ते आणखी एन्झाइम बनवतं. उंदराचं यकृत इतकं बनवत होतं की औषधाचा परिणामच धुऊन निघत होता. कोंबड्यांवर आणि कुत्र्यांवर मात्र कॉम्पॅक्टिन चाललं, आणि काम पुढे सरकलं. यकृताची ही भरपाई करायची सवय लक्षात ठेवा, गोळी चुकते तेव्हा ती पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

मर्क कंपनीनं दुसऱ्या एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन काढलं. १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. बाजारात आलेलं हे पहिलं स्टॅटिन, आणि त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं: संध्याकाळच्या जेवणाबरोबर. जेवणाबरोबर, कारण पोटात अन्न असलं की ते नीट शोषलं जातं. पण संध्याकाळच का?

यकृत कोलेस्टेरॉल दिवसभर एका वेगानं बनवत नाही. ते मोजायची एक सोपी युक्ती आहे. रिडक्टेज एन्झाइमचं काम झालं की मेव्हॅलोनेट नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्यातला थोडा रक्तात उतरतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी माणसांचं रक्त चोवीस तास ठरावीक अंतरानं घेऊन तो मोजला. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत तो सर्वात जास्त असतो आणि दिवसा बराच खाली येतो, असं दिसलं. (जेवणाच्या वेळा काही तास पुढे ढकलल्या की हा चढ-उतारही पुढे सरकतो. म्हणजे रात्रपाळी करणाऱ्याची ‘रात्र’ भिंतीवरच्या घड्याळावरून ठरवणं तितकंसं बरोबर नाही.)

आता याला औषधाच्या आयुष्याशी जोडून बघा. सिम्व्हास्टॅटिनची हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ढोबळमानानं तीन तास धरू. सकाळी आठला गोळी घेतली, तर रात्री दोनपर्यंत अठरा तास जातात. तेवढ्यात औषध सहा वेळा निम्मं होतं, म्हणजे चौसष्टावा हिस्सा उरतो. कारखाना जोरात चालू आणि पहारेकरी घरी, अशी गत. हीच गोळी रात्री दहाला घेतली, तर दोन वाजता ती ऐन कामावर असते.

हे झालं कागदावरचं गणित. पण ते रुग्णांत दिसतं का? २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटी, पण मला फार आवडणारी चाचणी छापून आली. संध्याकाळी सिम्व्हास्टॅटिन घेणारे साठ रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले आणि एका गटाला तीच गोळी सकाळी घ्यायला लावली. आठ आठवड्यांनी सकाळच्या गटाचं एकूण कोलेस्टेरॉल सुमारे १५ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरनं जास्त निघालं, एलडीएल सुमारे १० नं. गोळी तीच, डोस तोच, फक्त वेळ वेगळी.

अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनची हाफ-लाइफ साधारण १४ तास आहे, आणि शरीरात त्यापासून होणारे पदार्थही एन्झाइम अडवत राहतात. रोझुव्हास्टॅटिनची साधारण १९ तास. सकाळी आठला घेतलेलं रोझुव्हास्टॅटिन रात्री दोनला निम्म्याहून जास्त शिल्लक असतं. म्हणून या दोन्हींच्या माहितीपत्रकांत ‘दिवसात कधीही’ असंच लिहिलेलं आहे. तरी चिठ्ठीवरची रात्र हलली नाही. त्यात नुकसान काही नाही. पण ज्याला रात्री विसरायला होतं, त्यानं सकाळच्या चहाबरोबर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

मग एक दिवस चुकला तर? हाफ-लाइफवरून वाटेल की सिम्व्हास्टॅटिनवाल्याचं मोठंच नुकसान झालं. त्या रात्री यकृत कोलेस्टेरॉल जोरात बनवतं हे खरं, कारण भरपाई म्हणून वाढवून ठेवलेलं एन्झाइम मोकळं सुटलेलं असतं. पण रिपोर्टमध्ये आपण बघतो ते रक्तातलं एलडीएल, आणि ते एका रात्रीत ठरत नाही. एलडीएलचा एक कण रक्तात दोन-तीन दिवस फिरतो. यकृताच्या पेशींवर त्याला पकडणारे रिसेप्टर स्टॅटिनमुळे वाढलेले असतात, तेही गोळी चुकली म्हणून लगेच गायब होत नाहीत. त्यामुळे एका चुकलेल्या गोळीचा परिणाम किरकोळ असतो. गोळी बंदच केली, तर मात्र काही आठवड्यांत आकडा मूळ जागी येतो.

दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊन भरपाई करू नये, असं सगळी माहितीपत्रकं सांगतात. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के उतरतं. मूळ एलडीएल १६० असेल तर हे साधारण १० झाले. म्हणजे फायदा थोडका, आणि स्नायूंच्या त्रासाचा धोका मात्र डोसबरोबर वाढतो. हेच उलटं वाचलं, तर दीर्घकाळ टिकणारी स्टॅटिनं एक दिवसाआड देऊनही एलडीएल बरंचसं का उतरतं ते कळतं. अशा चाचण्या झाल्या आहेत. पण त्यांनी मोजलं ते एलडीएल, हृदयविकाराचे झटके नव्हेत. म्हणून ‘रोज एक’ ही सूचना कायम आहे.

‘वरचेवर गोळ्या चुकवणाऱ्यांना झटके जास्त येतात’ असे अभ्यास तुम्ही वाचाल, तेव्हा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला २००९ चा अभ्यास शेजारी ठेवा. लाखाहून अधिक स्टॅटिन घेणाऱ्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. नियमित गोळी घेणाऱ्यांना वाहनांचे आणि कामाच्या जागचे अपघातही कमी झालेले आढळले. आता स्टॅटिन काही अपघात टाळत नाही! जो गोळी चुकवत नाही, तो बहुधा बाकीच्या बाबतींतही जपून वागतो, आणि झटक्यांच्या आकड्यात गोळीचा वाटा किती आणि त्या स्वभावाचा किती, हे नुसत्या नोंदींतून वेगळं काढता येत नाही. त्या साठ रुग्णांच्या चाचणीत ही अडचण नव्हती, कारण सकाळ की संध्याकाळ हे रुग्णानं निवडलंच नव्हतं.