पाकिटाचा हिशेब

चिकलठाणा एमआयडीसीतली एक बेकरी डोळ्यांसमोर धरू. टोस्ट, बिस्किटे, थोडा ब्रेड. बेकरी कल्पित आहे आणि तिचे आकडे हिशेबासाठी धरलेले. पण पुढे येणारे कागद अशा कोणत्याही बेकरीच्या कपाटात सापडतील, आणि कायद्याच्या तारखा खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच : टोस्टचे पॅकिंग घरी ठेवावे की वाळूजच्या एखाद्या पॅकिंगवाल्याला द्यावे?

पहिला कागद खर्चाच्या ताळ्याचा. महिन्याला दोनशे ग्रॅमची एक लाख पाकिटे. दर पाकिटामागे फिल्म १.४० रुपये, मजुरी ०.७०, वीज ०.१०, यंत्राचा घसारा ०.३०, जागाभाड्याचा वाटा ०.४०, सुपरवायझरचा वाटा ०.२०. एकूण ३.१०. दुसरा कागद पॅकिंगवाल्याच्या कोटेशनचा : फिल्मसह २.७५. दोन्ही शेजारी ठेवले की महिन्याला ३५ हजार वाचताना दिसतात. बहुतेक निर्णय इथेच होतात.

पण साक्षीदार तपासायला हवेत. काम बाहेर गेल्यावर भाडे कमी होणार का? नाही, करार संपूर्ण शेडचा आहे. सुपरवायझर भट्टीवरही असतो, त्याचा पगार चालूच राहील. घसारा तर मागेच खर्चलेल्या पैशांची नोंद. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जे. एम. क्लार्क यांनी १९२३च्या ग्रंथात हेच मांडले होते : प्रश्न बदलला की खर्चाचा आकडाही बदलतो. आपला प्रश्न ‘पाकिटाला किती पडते’ हा नाही. ‘काम दिले तर काय थांबेल’ हा आहे.

मजुरीबाबत ताळा पुरेसा नाही, म्हणून हजेरीपट उघडायचा. पॅकिंगच्या नावावर सात माणसे आहेत, पण ओव्हरटाइमच्या पानावर त्यांतली दोघे दर पहाटे ट्रे उतरवताना दिसतात. ती दोघे जाणार नाहीत. म्हणजे मजुरीतले ०.७० नव्हे, ०.५० थांबतील. खरी बचत : १.४० + ०.५० + ०.१० = २.०० रुपये. उलट बाजूला शहराच्या पूर्व टोकाहून पश्चिम टोकाला माल नेण्या-आणण्याचे ०.२५ धरले, तर बाहेरचा दर ३.०० होतो. बचत तर नाहीच, उलट महिन्याला एक लाखाचा भार.

इथपर्यंत खात्री आहे, पुढे अंदाज. रिकाम्या जागेत दुसरी भट्टी बसून महिन्याला लाखाहून जास्त शिल्लक पडणार असेल तर निकाल फिरतो, पण भट्टीच्या मालाला गिऱ्हाईक आहे याचा कागद हवा. यंत्र मोडकळीला आले असेल तर त्याची नवी किंमत मात्र हिशेबात येते, कारण तो खर्च अजून टाळता येतो.

जीएसटीच्या बिलाचाही जबाब वेगळा. खाद्यपदार्थांच्या जॉबवर्कवरचा ५ टक्के कर टोस्टच्या बाबतीत क्रेडिट म्हणून परत मिळतो. ब्रेड करमुक्त आहे, म्हणून तोच कर तिथे खर्चात मिसळतो.

आता कोटेशनमधल्या फटी. टोस्ट हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात तो पॅकिंगवाल्याच्या गोदामात दोन रात्री उघडा राहिला तर नरम पडेल, आणि तक्रार बेकरीकडे येईल. हे ओळखता येते : भट्टीतून निघताना क्रेटचे वजन लिहा, पॅकिंगच्या आधी पुन्हा करा. वजन वाढले असेल तर ते पाणी आहे. (चुरा सांडला तर वजन घटते, म्हणून तोही वेगळा तोलावा.) पाकिटावरची तारीख भट्टीच्या वहीशी जुळते का, तेही पाहावे, तफावत म्हणजे माल किती थांबला याचा पुरावा. रमजानमध्ये आणि दिवाळीत एकाच वेळी साऱ्यांचा माल येतो, तेव्हा आधी कोणाचा, याबद्दल कोटेशन गप्प आहे.

सर्वांत बोलका पुरावा २२ सप्टेंबर २०२५चा. त्या दिवशी बिस्किटे आणि केकवरचा जीएसटी १८वरून ५ टक्के झाला. जुन्या छपाईच्या पाकिटांवर नवी किंमत शिक्क्याने किंवा स्टिकरने टाकण्याची मुभा ठरावीक मुदतीपर्यंत मिळाली. ज्यांचे पॅकिंग घरात, त्यांना शिक्का लगेच हलवता आला. ज्यांचे बाहेर, त्यांना पॅकिंगवाल्याच्या रांगेत थांबावे लागले असेल, हा माझा अंदाज. म्हणून करारात दोन ओळी आधी लिहून घ्याव्यात : किंमत बदलली तर किती तासांत शिक्का पडेल, आणि उरलेली छापील फिल्म कोणाच्या खात्यावर जाईल. पॅकिंगवाल्याचा एफएसएसएआय परवाना खरा आहे का, हे कोटेशनवर सही करण्याआधी पाहायचे. पाकिटावर नाव बेकरीचेच राहते. यंत्र मात्र पहिल्या पावसाळ्यापर्यंत विकू नये.