चार उन्हाळे आणि एक पत्र

माझ्या एका मित्राने गेली दोन वर्षे माझ्या निरोपांना उत्तर देणे बंद केले आहे. भांडण नाही, देणेघेणे नाही, मधे कोणी काही सांगितल्याचेही ऐकिवात नाही. पूर्वी दिवाळीच्या आधी आठ दिवस त्याचे पत्र यायचे, पुढे पत्राची जागा मोबाइलवरच्या निरोपाने घेतली, आणि मग तोही थांबला. माझा पुतण्या पडद्यावरच्या दोन निळ्या खुणा दाखवून म्हणतो, “काका, त्यांनी वाचलंय. उत्तर द्यायचं नाही एवढंच.” पुतण्याच्या वयात माणसाला सगळ्याचा उलगडा झालेला असतो. मला झालेला नव्हता, म्हणून मी नेहमीच्या सवयीने इतिहासाकडे वळलो. तिथे मला सोळाशे वर्षांपूर्वीचा एक म्हातारा मास्तर भेटला. नेमक्या याच दुखण्याने तो बेजार झाला होता.

त्याचे नाव आउसोनियस. आजच्या फ्रान्समधल्या बोर्दो गावी सुमारे 310 साली तो जन्मला आणि तिथेच त्याने तीस एक वर्षे मुलांना व्याकरण आणि वक्तृत्व शिकवले. मास्तरकीत माणूस सहसा मास्तर म्हणूनच संपतो, पण याचे नशीब निराळे होते. रोमच्या बादशहाने आपल्या मुलाला, ग्रेशियनला, शिकवायला त्याला ट्रीर येथील दरबारात बोलावले. पुढे तो मुलगा गादीवर आला, मास्तरांना मोठमोठे अधिकार मिळाले, आणि 379 साली ते कॉन्सल झाले. कॉन्सल म्हणजे रोममधला सर्वोच्च मान. त्या वर्षाला त्या माणसाचे नाव पडे. 383 साली ग्रेशियन मारला गेला. मास्तर बोर्दोच्या आपल्या शेतीवाडीवर परतले आणि कविता लिहीत बसले.

त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी पावलिनस. वयाने चाळीसएक वर्षांनी लहान, घरचा गर्भश्रीमंत, स्वतः कवी. गुरुशिष्याचे हे नाते पुढे खऱ्या मैत्रीचे झाले. पावलिनसाने तेल आणि बार्सिलोनाचे माशांचे कालवण धाडावे, आणि मास्तरांनी ते पोचल्याचे पद्यात कळवावे, असा त्यांचा व्यवहार. आपल्याकडे एखाद्याने कोकणातून सोड्यांची पुडी पाठवावी आणि दुसऱ्याने ओव्या रचून पावती द्यावी, तसाच तो प्रकार.

सुमारे 389 साली पावलिनस बायकोला, थेरासियाला, घेऊन स्पेनमध्ये गेला. ती मूळची तिकडची. आणि पावलिनसाची पत्रे बंद झाली.

मास्तरांनी वाट पाहिली, मग पत्र लिहिले. उत्तर नाही. दुसरे लिहिले, तिसरे लिहिले. चौथ्या पत्राच्या सुरुवातीलाच त्यांनी मोजून दाखवले आहे की, हे माझे चौथे पत्र, आणि तुझ्याकडून एक पानही नाही. यांतली काही पत्रे आज छापील मिळतात. मी ती 1921 साली निघालेल्या एका लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकात वाचली. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. मला अर्थात उजवे पान.

ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला निरोप मिळत नाही, त्याच्या मनाचा चढता क्रम तीत जसाच्या तसा उतरला आहे. आधी आर्जव आहे: शत्रूसुद्धा शत्रूला पत्रात ‘कुशल असो’ म्हणतो, खडक हाकेला प्रतिसाद देतात, मग तूच मुका का? त्यानंतर दोषाचे खापर जागेवर फुटते. स्पेनमधल्या ओसाड डोंगरी गावांची नावे घेऊन मास्तर म्हणतात, या रानटी मुलखाने तुला बिघडवले. आणि जागेवर भागले नाही, तेव्हा बायकोवर. तुझी ‘तानाक्विल’ तुला लिहू देत नसेल, असे ते सुचवतात. तानाक्विल ही रोमच्या जुन्या कथांमधली राणी, नवऱ्याला मुठीत ठेवणारी. तेव्हा तिच्या नकळत लिही, म्हणून मास्तर गुप्त लेखनाच्या युक्त्यासुद्धा शिकवतात! दुधाने लिहावे, वाळले की कागद कोरा दिसतो, आणि वर राख भुरभुरली की अक्षरे उमटतात. किंवा एका काठीला चामड्याची पट्टी गुंडाळून तीवर लिहावे. पट्टी सोडली की अक्षरे विस्कटतात, आणि तेवढ्याच जाडीच्या काठीला गुंडाळली की पुन्हा जुळतात. (दुधाची युक्ती मुलांनी सुट्टीत करून पाहायला हरकत नाही. घरच्या दुधाचा हिशेब आईशी आधी करावा.)

हसू येते, आणि मग येत नाही. ऐंशी ओलांडलेला एक माणूस मित्राच्या गप्प राहण्याला कारण शोधतो आहे, आणि ‘त्याला लिहावेसे वाटत नाही’ हे कारण सोडून बाकी सगळी त्याला पटतात. एका पत्राच्या शेवटी तर त्यांच्या डोळ्यांपुढे चित्रच उभे राहते: पावलिनस निघाला, स्पेनची बर्फाळ गावे मागे पडली, आता तो इकडच्या मुलखात आला, चाकरमाणसे सामोरी धावली, स्वतःच्या घरावरून पुढे येऊन तो माझेच दार ठोठावतो आहे. आणि लगेच स्वतःलाच विचारतात, हे खरे की प्रेम करणाऱ्याने पाहिलेले स्वप्न?

अखेर उत्तर आले. ते पद्यातले लांबलचक उत्तरही शिल्लक आहे, आणि त्याच्या आरंभीच अशी एक गोष्ट आहे की मी पुस्तक मिटून ठेवले. पावलिनस लिहितो की, हा चौथा उन्हाळा, चार वेळा कापणी झाली, चार वेळा गारठा पडला, आणि इतक्या काळात तुमच्या हातची एक ओळ मला मिळाली नाही; आता एकदम तीन पत्रे हाती पडली.

म्हणजे इकडे मास्तर म्हणत होते, तो लिहीत नाही. तिकडे शिष्याच्या लेखी मास्तरच गप्प होते. दोघांच्याही अंगणात तीच शांतता होती आणि तिचा धनी दुसरा आहे असे दोघांनाही वाटत होते.

हे कसे झाले, ते हिशेबाने समजते. रोमच्या साम्राज्यात सरकारी टपाल उत्तम होते, पण ते सरकारी कामापुरते. खाजगी पत्र न्यायला आपला चाकर पाठवावा लागे, नाहीतर तिकडे जाणारा कोणी ओळखीचा गाठावा लागे. बोर्दोहून बार्सिलोना आजच्या रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या वर आहे. दिवसाकाठी तीस किलोमीटर धरले तरी एका बाजूला तीन आठवडे. मधे पिरेनीज पर्वत, हिवाळ्यात बर्फाने अवघड. म्हणजे शरद ऋतूत धाडलेल्या पत्राचे उत्तर वसंताच्या आत येईल अशी आशाच करू नये. आणि तेही पत्र नेणारा माणूस नेमक्या गावी पोचला तर. पावलिनस स्पेनमध्ये एकाच जागी बसून नव्हता. तेव्हा वर्षभराच्या शांततेवरून काहीच सिद्ध होत नव्हते. चार वर्षांवरून होत होते, पण काय, ते पत्र पोचले की नाही हे कळल्याशिवाय सांगता येणारे नव्हते.

मास्तरांची चूक लिहिण्यात नव्हती. पहिली चौकशी अगदी रास्त होती. चूक अशी की, पहिले पोचले का याचा तपास न करता त्यांनी दुसरे जास्त कडक लिहिले, तिसरे त्याहून. पत्रे वाटेत साचत गेली आणि पावलिनसाला ती तिन्ही एकदम मिळाली. चार वर्षांचा राग त्याने एका बैठकीत वाचला!

तरी त्याचे उत्तर सौम्य आहे. फक्त दोन जागी तो दुखावलेला दिसतो. एक, स्पेनची थट्टा: इथे सारागोसा, बार्सिलोना, तारागोना ही नामांकित शहरे आहेत, उद्या कोणी बोर्दोचे नाव टाळून तुमच्या भागातल्या डांबर काढणाऱ्या काळ्याकभिन्न लोकांवरून तुम्हाला ओळखले तर चालेल का? आणि दुसरी, बायको. माझ्या घरी तानाक्विल नाही, लुक्रेशिया आहे, असे तो सुनावतो. लुक्रेशिया म्हणजे रोमची आदर्श सती. थेरासियाच्या पोटी स्पेनमध्ये एक मुलगा झाला होता, सेल्सस. तो आठ दिवसांचा होऊन गेला. त्या बाईविषयी मास्तरांनी विनोद केला होता. मास्तरांना मूल गेल्याचे कळले होते की नव्हते, पत्रांत त्याचा उल्लेख नाही.

पण सगळा दोष वाटेचा होता असेही नव्हे, आणि हेच या हकिकतीतले अवघड वळण आहे. पावलिनस बदलला होता. एका भावाचा खून झाल्याचे आणि स्वतःच्या इस्टेटीवर जप्तीचे संकट आल्याचे त्याने नंतरच्या एका कवितेत सांगितले आहे. स्पेनला जाण्याच्या सुमारास त्याने बाप्तिस्मा घेतला होता. आता तो इस्टेट विकून विरक्त होण्याच्या बेतात होता. मास्तरांनी काव्यदेवतांना साकडे घातले होते की, माझा कवी मला परत द्या. त्याने उत्तर दिले की, जे मन देवाला दिले त्यात आता त्या देवतांना जागा नाही. म्हणजे मित्र होता, पण मास्तर ज्याला हाका मारत होते तो माणूस उरला नव्हता.

पुढच्या एका पत्रात पावलिनस म्हणतो की, जगात कुठेही असलो तरी तुम्ही माझ्या मनात असाल, देह पडल्यावरही असाल. परत येतो, असे मात्र तो कुठेच म्हणत नाही. त्यानंतरचे दोघांतले एकही पत्र शिल्लक नाही. सुमारे 395 साली मास्तर वारले. त्याच सुमारास पावलिनस इटलीतल्या नोला गावी जाऊन राहिला; पुढे तो तिथला बिशप झाला आणि 431 साली तिथेच गेला.

नोलाला त्याच्यावर उलटा प्रसंग आला. सुल्पिसियस सेव्हेरस नावाचा त्याचा जिवलग मित्र गॉलमध्ये राही. तो येतो येतो म्हणे आणि येत नसे. आता रुसव्याचे पत्र लिहायची पाळी पावलिनसाची होती, आणि त्याने ते लिहिलेही. परंतु इथे एक गोष्ट वेगळी घडली. सेव्हेरस स्वतः कधी आला नाही, पण त्याचा माणूस येऊ लागला. विक्टर नावाचा हा निरोप्या पत्र देऊन लगेच परतत नसे. तो राही, पावलिनसाच्या अंगाला तेल चोळी, बाजरीसारख्या भरडधान्याची आणि घेवड्याच्या पिठाची पेज शिजवी. त्या पेजेचे कौतुक पावलिनसाने एका पत्रात पानेच्या पाने केले आहे. मित्र कसा आहे, काय खातो, कशाने थकला, हे पाहून तो माणूस परत जाई. न भेटता ती मैत्री वर्षानुवर्षे टिकली.

मास्तरांना एक विक्टर मिळता तर? पत्राऐवजी उत्तर मिळेपर्यंत तिथे थांबणारा माणूस त्यांनी पहिल्याच वर्षी धाडला असता, तर तो परत येऊन म्हणाला असता, “मूल गेलंय. घर विकायचं चाललंय. पत्र एकही पोचलेलं नाही.” मग दुधाने लिहिण्याच्या युक्त्या सुचल्या नसत्या. पावलिनस परत आला असता असे मी म्हणत नाही. तो येणारच नव्हता. पण मास्तरांनी शेवटची चार वर्षे त्याच्या बायकोशी भांडण्यात घालवली नसती.

आता माझे सांगतो. मीही चार निरोप पाठवले होते. पुस्तक मिटल्यावर मी मोबाइल काढून ते क्रमाने वाचले. पहिल्यात ‘कसा आहेस’ होते. तिसऱ्यात ‘मोठा माणूस झालास’ होते. आणि चौथ्यात, हे लिहिताना मान खाली जाते, ‘वहिनींनी फोन काढून घेतला की काय’ असा एक विनोद होता. त्याच्याखाली दोन निळ्या खुणा होत्या. त्याने तो वाचला, एवढे त्या खुणा सांगत होत्या. कुठे बसून वाचला, कोणाच्या उशाशी बसून वाचला, ते सांगत नव्हत्या.

पाचवा निरोप लिहून तयार होता. तो मी पुसला. आमच्या शाळेतला एक शिपाई धनत्रयोदशीला त्याच गावी आपल्या बहिणीकडे जाणार आहे. त्याच्याजवळ चकलीचा डबा दिला आहे, आणि चिठ्ठीत चौथ्या निरोपाबद्दल दोन ओळी लिहून क्षमा मागितली आहे. शिपायाला सांगितले आहे की घाई करू नकोस, बस म्हणाले तर बस, पाणी घे, घरात कोण कोण आहे ते पाहा. आणि डबा रिकामा करून दिला तर परत आण. नाही दिला तर मागू नकोस.