चौकातले सगळे दिवे लाल का होतात?

चौकातला सिग्नल नीट पाहिला तर बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट ध्यानात येते. एका रस्त्याचा दिवा लाल होतो, पण दुसऱ्याचा लगेच हिरवा होत नाही. दोनएक सेकंद चारही बाजूंना लालच असतो. घाईतल्या माणसाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. हा वेळ मुद्दाम ठेवलेला आहे, आणि तो सिग्नलच्या यंत्रात कसा आला याचा इतिहास लिहिण्याजोगा आहे.

पहिला सिग्नल डिसेंबर 1868 मध्ये लंडनच्या पार्लमेंटबाहेर उभा राहिला. जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याने रेल्वेसारखेच हात आणि रात्रीसाठी लाल-हिरवे गॅसचे दिवे बसवले होते. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग थांबला. 1914 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचे लाल व हिरवे दिवे आले. ते बाजूच्या खोलीत बसलेला माणूस बदलत असे. डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी 1920 मध्ये त्यात पिवळा दिवा घातला.

आपल्याला हवी ती कल्पना मात्र क्लीव्हलँडच्याच गॅरेट मॉर्गन यांच्या 1923 च्या पेटंटमध्ये सापडते. त्यांचा सिग्नल म्हणजे हाताने फिरवायचा, टी आकाराचा एक खांब होता. एका दिशेला ‘जा’ म्हणण्यापूर्वी सर्व दिशांना ‘थांबा’ दाखवायची सोय त्यात होती. जी वाहने चौकात अर्धवट शिरली आहेत त्यांना बाहेर पडायला वेळ मिळावा, हे कारणही त्यांनी पेटंटमध्ये दिले आहे. मॉर्गन यांना पुष्कळदा पिवळ्या दिव्याचे जनक म्हटले जाते, ते बरोबर नाही. त्यांचे खरे श्रेय या ‘सर्व थांबा’ स्थितीचे आहे, आणि आमच्या मते ते अधिक मोलाचे आहे.

माणसाच्या जागी यंत्र आले तेव्हा कामाचे दोन भाग पडले. जुन्या विद्युत-यांत्रिक नियंत्रकात विजेच्या मुख्य प्रवाहाच्या वारंवारतेवर चालणारी मोटर एक तबकडी सावकाश फिरवी. तबकडीच्या कडेला खुंट्या बसवलेल्या असत. खुंटी एका विशिष्ट जागी आली की विजेचा संपर्क जुळे आणि शेजारचा दट्ट्यांचा दांडा एक घर पुढे सरके. कोणते दिवे लागणार हे त्या दांड्याच्या घरावर ठरे. म्हणजे तबकडीला फक्त वेळ कळे आणि दांड्याला फक्त ‘आपण कोणत्या घरात आहोत’ एवढेच ठाऊक असे.

या व्यवस्थेला काटेकोर गणिती रूप पुढे मिळाले. 1956 मध्ये एडवर्ड मूर यांनी अशा यंत्राचे वर्णन मांडले, ज्याचे बाहेर दिसणारे वर्तन केवळ त्याच्या सध्याच्या स्थितीवर ठरते. आज आपण त्याला मूर यांचे स्थिती-यंत्र म्हणतो. ‘स्थिती’ म्हणजे पुढचे पाऊल ठरवण्यासाठी यंत्राने लक्षात ठेवायची गोष्ट. 1980 मध्ये मीड आणि कॉन्वे यांच्या चिप-रचनेवरील पुस्तकात महामार्ग आणि शेताकडचा रस्ता यांच्या चौकाचे उदाहरण आले, आणि पुढे तसली उदाहरणे जगभर शिकवली गेली. त्यात स्थिती चार होत्या : महामार्ग हिरवा, महामार्ग पिवळा, शेतरस्ता हिरवा, शेतरस्ता पिवळा. मॉर्गन यांचे ‘सर्व थांबा’ त्यात नव्हते. उदाहरण सोपे राहावे म्हणून ते ठीकच आहे, पण खऱ्या चौकात चार स्थितींवर भागवणे धोक्याचे ठरते.

चला, आपण सहा स्थितींचा नियंत्रक बनवू. स्थिती 0 : मुख्य रस्ता हिरवा. 1 : मुख्य रस्ता पिवळा. 2 : सर्व लाल. 3 : आडवा रस्ता हिरवा. 4 : आडवा रस्ता पिवळा. 5 : सर्व लाल, आणि पुन्हा 0. घड्याळाचा ठोका सेकंदाला एक धरू. आपल्याकडच्या विजेची वारंवारता 50 असल्याने तिला 50 ने भागले की तो मिळतो. टायमर हे ठोके मोजतो आणि ठरलेली संख्या भरली की यंत्र पुढच्या स्थितीत जाते व टायमर पुन्हा शून्यावर येतो.

कुठे किती ठोके द्यायचे? हिरव्याचे रहदारी पाहून ठरवता येतात. मुख्य रस्त्याला 30 आणि आडव्याला 20 देऊ. पिवळ्याचे गणित जनरल मोटर्समधील गाझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी 1960 मध्ये मांडले. (यांतले हर्मन म्हणजे 1948 मध्ये अल्फर यांच्यासह विश्वातील पार्श्वभूमी प्रारणाचे भाकीत करणारेच हर्मन!) ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर. चालकाला भानावर यायला 1 सेकंद, आणि दर सेकंदाला 3 मीटर/सेकंद या दराने वेग कमी केला तर आणखी 11.1 ÷ 6 = 1.85 सेकंद. बेरीज 2.85, म्हणून 3 ठोके.

आता सर्व लाल. मुख्य रस्ता 18 मीटर रुंद असेल, तर आडव्या रस्त्यावरून पिवळ्याच्या अखेरच्या क्षणी शिरलेल्या 4 मीटर लांबीच्या मोटारीला पूर्ण बाहेर पडायला 22 मीटर जावे लागते : 22 ÷ 11.1 = 1.98 सेकंद. म्हणून स्थिती 5 ला 2 ठोके. आडवा रस्ता 12 मीटरचा असेल तर स्थिती 2 ला 1.44 सेकंद पुरतात, पण अर्धा ठोका मोजता येत नाही. इथे नेहमी वरचाच पूर्णांक घ्यायचा, म्हणून पुन्हा 2. ताशी 15 किलोमीटर वेगाच्या सायकलीला मात्र मुख्य रस्ता ओलांडायला जवळजवळ 5 सेकंद लागतात, आणि आपल्या आकड्यांत तिचा विचार झालेला नाही.

एकूण फेरा 30 + 3 + 2 + 20 + 3 + 2 = 60 सेकंदांचा झाला.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात : 2 आणि 5 मध्ये दिवे अगदी सारखे, मग एकच स्थिती का नको? एकच ठेवली तर यंत्राला पुढे कोणाला हिरवा द्यायचा हे कळणार नाही. दिवे सारखे असले तरी मागे काय घडले हे वेगळे आहे आणि ते लक्षात ठेवायचे आहे, म्हणून स्थिती दोन. मूर यांच्या व्याख्येचा अर्थ समजावायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

प्रत्यक्ष मांडणी करताना एक चूक वारंवार होते. टायमर 0 पासून मोजतो, म्हणून 30 ठोक्यांसाठी त्याने 29 ला थांबायला हवे. 30 पर्यंत जाऊ दिले तर 31 ठोके होतात. दिव्यांकडे पाहून हे लक्षात येत नाही, पण मनगटी घड्याळाने पूर्ण फेरा मोजा. सहाही स्थितींत एकेक ठोका वाढून तो 66 सेकंदांचा भरेल.

दुसरी अडचण वीज जाऊन आल्यावरची. सहा स्थिती लिहायला तीन बिट लागतात, पण तीन बिटांच्या जुळण्या आठ होतात. 6 आणि 7 या आपण वापरलेल्याच नाहीत. वीज आल्यावर यंत्र त्यांतल्या एखाद्या जुळणीत जागे झाले आणि पुढचे पाऊल ठरवलेले नसले, तर ते 6 आणि 7 मध्येच फिरत राहू शकते. म्हणून या दोन्हींतही सर्व लाल दाखवायचे आणि पुढच्या ठोक्याला स्थिती 5 मध्ये जायचे. शिवाय सुरुवातही 5 पासूनच करायची, आणि तेव्हा 2 पेक्षा जास्त ठोके द्यायचे, कारण वीज नसताना चौकात वाहने कशीही घुसलेली असतात.

एवढे करूनही एखादी तार किंवा स्विच बिघडून भलताच हिरवा लागू शकतो. स्थिती-यंत्राला ते कळणार नाही, कारण ते दिव्यांकडे पाहत नाही. म्हणून खऱ्या नियंत्रकाच्या पेटीत एक वेगळे राखणदार मंडल असते. ते प्रत्यक्ष दिव्यांकडे जाणारी वीज तपासते आणि दोन आडव्या दिशांना एकदम हिरवा दिसला, की नियंत्रकाला बाजूला सारून चौकातले दिवे लुकलुकते करून ठेवते. मग दुरुस्ती करणारा माणूस येऊन ते हाताने पूर्ववत करीपर्यंत ते तसेच लुकलुकत राहतात.